प्रवेशपत्रावरचा एक रकाना

आजचा विषय मानसशास्त्राच्या पुस्तकातला आहे, पण त्याची सुरुवात आम्ही एका साध्या कागदापासून करणार आहोत. तो कागद तारापूर-बोईसरच्या घराघरांत दर वर्षी येतो. बारावीचं प्रवेशपत्र, म्हणजे आपलं हॉल तिकीट.

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाने बारावीची प्रवेशपत्रं ऑनलाइन उपलब्ध केली. मुलांनी ती कॉलेजातून घेतली तेव्हा नाव, बैठक क्रमांक, विषय, केंद्र यांच्याबरोबर एक नवा रकाना दिसला. विद्यार्थ्याचा जात-प्रवर्ग. त्यावर लगेच टीका झाली. मंडळाने खुलासा केला की हेतू चांगलाच होता. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीची नोंद चुकली असेल तर मुलाने शाळा सोडल्यावर ती दुरुस्त करणं फार अवघड जातं, आणि समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीला तीच नोंद लागते. तेव्हा प्रवेशपत्रावर ती छापली की पालकांच्या वेळेत लक्षात येईल. हा खुलासा खोटा नाही. दाखल्यातल्या एका चुकीपायी पोराचं वर्ष वाया गेलेली घरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. तरी मंडळाने आठवडाभरातच माघार घेतली, दिलगिरी व्यक्त केली, आणि २३ जानेवारीपासून तो रकाना नसलेली प्रवेशपत्रं देऊ केली. लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली.

त्या वेळी जी चर्चा झाली ती मुख्यतः अपमानाची होती. जात छापणं बरं दिसत नाही, एवढंच म्हणणं होतं. आम्हाला मात्र वेगळा प्रश्न पडला. त्या रकान्याने एखाद्या मुलाचे मार्क कमी होऊ शकतात का? अगदी शब्दशः मार्क. हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे आणि जगात तो तपासला गेलेला आहे. आज त्या तपासणीचा इतिहास बघू.

आधी एक गोष्ट नजरेसमोर आणा. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रवेशपत्र असतं कुठे? खिशात नाही, दप्तरात नाही. ते बाकावर असतं, कारण पर्यवेक्षक येऊन बैठक क्रमांक ताडून बघतात. म्हणजे तीन तास ते मुलाच्या डोळ्यांसमोर, आणि मान थोडी वळवली तर शेजारच्याच्याही डोळ्यांसमोर. हा तपशील लक्षात असू द्या. पुढे तो लागणार आहे.

आता १९८०च्या दशकाच्या शेवटाकडे जाऊ. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात क्लॉड स्टील नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते स्वतः कृष्णवर्णीय. त्यांच्यासमोर एक कोडं आलं. प्रवेशपरीक्षेत सारखेच मार्क घेऊन आलेले गोरे आणि काळे विद्यार्थी घ्या. पुढे कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांचे ग्रेड मागे पडलेले दिसत. मार्क सारखे होते, म्हणजे 'तयारी कमी' हे उत्तर पुरत नव्हतं. मग मध्ये काय घडत होतं?

स्टील पुढे स्टॅनफर्डला गेले आणि तिथे जोशुआ अॅरन्सन यांच्याबरोबर त्यांनी काही प्रयोग केले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाची मांडणी इतकी साधी आहे की आपल्यालाही करता येईल. विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दज्ञानाची एक कठीण परीक्षा दिली. निम्म्यांना सांगितलं, ही तुमची बौद्धिक क्षमता मोजणारी परीक्षा आहे. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं, माणूस प्रश्न कसे सोडवतो याचा आम्ही अभ्यास करतो आहोत, तुमची क्षमता वगैरे मोजत नाही. कागद तोच, वेळ तोच. पहिल्या गटात काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या मागे पडले. दुसऱ्या गटात तो फरक जवळपास उरला नाही. मग आणखी एक प्रयोग केला, आणि आपल्या प्रवेशपत्राशी त्याचं थेट नातं आहे. या वेळी क्षमता मोजतो असं कोणालाच सांगितलं नाही. फक्त निम्म्या मुलांना परीक्षेआधीच्या छोट्या प्रश्नावलीत 'तुमचा वंश कोणता' हा एक प्रश्न विचारला. एवढ्याने काळ्या विद्यार्थ्यांची कामगिरी खाली आली.

या प्रकाराला त्यांनी 'स्टिरिओटाइप थ्रेट' असं नाव दिलं. मराठीत आम्ही त्याला 'शिक्क्याचा धाक' म्हणतो. आपल्या गटावर समाजाने एक शिक्का मारलेला असतो: यांना गणित येत नाही, हे मागेच राहणार. मुलाचा त्या शिक्क्यावर विश्वास असायला हवा असं नाही. तो शिक्का खोटा आहे हे त्याला पक्कं ठाऊक असू शकतं. पण आपण चुकलो तर ती चूक आपल्या एकट्याची न राहता 'बघा, म्हणालो होतो ना' याचा पुरावा ठरेल, हे त्याला कळत असतं. शेजारच्या बाकावरच्या मुलावर हे ओझं नसतं. तो चुकला तर तो चुकला, बस्स.

याने मार्क कसे कमी होतात, हेही पुढे अभ्यासलं गेलं. मनात एकाच वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. तीन पायऱ्यांचं गणित सोडवताना पहिल्या पायरीचं उत्तर डोक्यात धरून तिसरीकडे जावं लागतं. त्याच जागेत 'माझं चुकतंय का, लोक काय म्हणतील' हा विचार शिरला की पहिल्या पायरीचं उत्तर निसटतं. मूल मग पुन्हा मागे जातं, तेच पुन्हा तपासतं, वेळ जातो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मूल रडत नाही, घाबरलेलं दिसत नाही. उलट नेहमीपेक्षा जास्त मन लावून काम करताना दिसतं. म्हणून पर्यवेक्षकाला किंवा शिक्षकाला हे ओळखणं कठीण. सोप्या प्रश्नांत त्याचा परिणाम दिसत नाही, कारण तिथे डोक्यातली जागा पुरून उरते. तो दिसतो प्रश्न आपल्या कुवतीच्या टोकाला असतो तेव्हा. शिवाय ज्या मुलाला त्या विषयाचं काही वाटतच नाही, त्याला धाकही बसत नाही. वर्गातल्या हुशार, धडपडणाऱ्या मुलाला तो जास्त बसतो. हा या सगळ्यातला सगळ्यात क्रूर भाग आहे असं आम्हाला वाटतं.

'ही अमेरिकेची गोष्ट, आपला संबंध काय?' असं कुणी म्हणेल. आपल्याकडे फळ्याची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमराव आंबेडकरांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव उठताच वर्गात गलका झाला आणि ते फळ्याला हात लावण्याआधी पोरं आपापले डबे हलवायला धावली. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण जरा परीक्षेच्या नजरेने बघा. खडू हातात घेतलेल्या मुलाला त्या क्षणी गणित सोडवायचं आहे. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, पुढे कुठवर गेले ते जग जाणतं. यावर लोक म्हणतात, बघा, खरी गुणवत्ता असली की काही आडवं येत नाही. आम्हाला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. जो पार झाला त्याच्यावरून वाटेतल्या नदीची खोली ठरत नाही. आणि मोजायचं म्हटलं तर एका माणसावरून मोजता येत नाही, कारण ते डबे फळ्यामागे नसते तर काय झालं असतं हे कळायला दुसरे भीमराव हवेत.

नेमकी ही तुलना २००३ साली उत्तर प्रदेशात केली गेली. हरदोई जिल्ह्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधिकांनी सहावी-सातवीचे मुलगे घेतले, ३२१ उच्च मानलेल्या जातींचे आणि ३२१ दलित. मुलांना कागदावरचे भूलभुलैया सोडवायला दिले. एका टोकाकडून पेन्सिल फिरवत बाहेरची वाट शोधायची, तसली कोडी. हे काम मुद्दाम निवडलं होतं, कारण त्याला शाळेतलं शिक्षण लागत नाही. पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया.

मुलांना सहा-सहाच्या गटात बसवलं. काही गटांत जातीचा उल्लेखच नाही. तिथे दलित मुलं आणि सवर्ण मुलं यांच्यात फरक आढळला नाही. हे वाक्य घाईने ओलांडू नका. घरची परिस्थिती, आईबापांचं शिक्षण, खाणंपिणं यांत फरक होताच, तरी या कामात तो उतरला नाही. दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. मुलाने फक्त मान डोलवायची. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. या गटांत दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या स्पष्ट घटली आणि दोन्हींत दरी उभी राहिली.

इथवर ऐकलं की वाटतं, झालं, स्टील यांचंच म्हणणं सिद्ध झालं. पण हॉफ आणि पांडे इथे थांबल्या नाहीत, आणि आमच्या मते त्यांचं खरं श्रेय पुढच्या पायरीत आहे. त्यांनी बक्षिसाची पद्धत बदलून बघितली. जात वाचून दाखवायची, पण पैसे कुणाला मिळणार हे चिठ्ठी काढून ठरवायचं. म्हणजे बक्षीस माणसाच्या हातातून काढून नशिबाच्या हातात दिलं. तेव्हा ती दरी नाहीशी झाली! जात तर सगळ्यांसमोर तशीच वाचली गेली होती. मग नुसता 'शिक्का आठवला म्हणून डोकं चालेना' एवढंच कारण असतं तर दरी राहायला हवी होती. त्या दोघींनी याचा अर्थ असा लावला: जात उघड झाली की मुलाला वाटतं, आता हा समोरचा माणूस मला माझ्या मेहनतीचं पुरतं माप देणार नाही. आणि माप मिळणार नसेल तर माणूस जीव ओतत नाही.

म्हणजे इथे दोन वेगळी कारणं आहेत. एक आहे धाक: मी चुकलो तर माझ्या लोकांवरचा शिक्का खरा ठरेल. दुसरा आहे अविश्वास: मी बरोबर आलो तरी हे मला देणार नाहीत. मार्कांत दोन्ही सारखेच दिसतात, पण उपाय वेगळे लागतात. धाक असेल तर मुलाच्या समोरचं वातावरण बदलावं लागेल. अविश्वास असेल तर तपासणाऱ्याची पद्धत बदलावी लागेल. नुसतं मुलाला 'आत्मविश्वास ठेव' म्हणून भागत नाही, कारण त्याचा अविश्वास अनुभवातून आलेला असू शकतो.

आता या विषयाची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही तुमची फसवणूक करू. स्टील-अॅरन्सन यांच्या प्रयोगाचा अर्थ अनेक पाठ्यपुस्तकांनी चुकीचा छापला. 'धाक काढला की काळे-गोरे सारखे मार्क घेतात' असं त्यांत आलं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही गफलत दाखवली. मूळ प्रयोगात विद्यार्थ्यांचे मार्क त्यांच्या आधीच्या प्रवेशपरीक्षेच्या मार्कांशी जुळवून घेतले होते. सोप्या भाषेत, दहावीला सारखे मार्क असलेली दोन मुलं घेऊन अकरावीत तुलना करावी तसं. त्यावरून कळतं एवढंच की धाक नसेल तर नवी दरी वाढत नाही. दहावीला जी दरी होती ती त्याने पुसली जात नाही. चांगल्या शाळेचा अभाव, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, घरात अभ्यासाला जागा नसणं, या सगळ्यांचा हिशेब या एका कल्पनेत बसवू नये.

शिवाय पुढच्या काळात मोठे प्रयोग झाले तेव्हा परिणाम नेहमी सापडला नाही. नेदरलँड्समध्ये दोन हजारांवर शाळकरी मुलामुलींवर 'मुलींना गणित येत नाही' या शिक्क्याचा प्रयोग आधी जाहीर केलेल्या पद्धतीने केला गेला. २०१८ मध्ये तो छापून आला. मुलींच्या मार्कांवर परिणाम दिसला नाही. सुरुवातीचे बरेच प्रयोग लहान होते, आणि ज्यांत परिणाम दिसला तेच छापले गेले, अशी शंका रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एखादी कल्पना सुंदर आहे म्हणून ती खरी मानायची नाही ही सवय अंगात मुरलेली आहे. पण डच वर्गात एक परिणाम दिसला नाही म्हणून हरदोईतला नाहीसा होत नाही. हरदोईत जो शिक्का होता त्याच्यामागे गावातली विहीर होती, मजुरी होती, मार होता.

आपल्या रकान्याशी सर्वात जवळचा पुरावा मात्र अमेरिकेतल्या खऱ्या परीक्षेतला आहे. तिथल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने, कॅल्क्युलसच्या एका परीक्षेत 'तुमचं लिंग, तुमचा वंश' हे प्रश्न काही मुलांना पेपरआधी आणि काहींना पेपरनंतर विचारून पाहिले. संस्थेच्या स्ट्रिकर आणि वॉर्ड या संशोधकांचा निष्कर्ष होता की लक्षात घ्यावा असा फरक पडत नाही. २००८ मध्ये डॅनहर आणि क्रँडल यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि म्हटलं, फरक लहान आहे हे खरं, पण परीक्षेला बसणारी मुलं इतकी आहेत की नुसता प्रश्न शेवटी हलवला तर दर वर्षी सुमारे ४,७०० जास्त मुलींना त्या विषयाचं श्रेय मिळेल. स्ट्रिकर यांना ते मान्य झालं नाही. वाद तिथेच राहिला. पण वाद कशावर होता ते बघा. आकडे दोघांचे तेच होते. एका विद्यार्थ्यामागे जो फरक नगण्य दिसतो तो हजारोंच्या परीक्षेत नगण्य मानायचा का, हा प्रश्न होता. आणि आपली बारावीची परीक्षा तर लाखोंची असते.

तेव्हा आमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं. २०२५ च्या त्या प्रवेशपत्राने अमुक इतके मार्क गेले असते असं कुणालाही म्हणता येणार नाही. पण जात नोंदवणं आणि जात परीक्षेच्या बाकावर तीन तास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीशिवाय शिष्यवृत्ती नाही, आरक्षण नाही. दुसरीने मात्र काही साधत नव्हतं. नोंद तपासायची तर परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी तपासावी, किंवा निकालानंतर.

तो रकाना गेला. आता आपल्या वर्गांकडे येऊ, कारण हरदोईशी त्याहून जास्त मिळतंजुळतं आपल्याकडे दुसरंच काही घडतं. बोईसर परिसरातल्या वर्गात वारली, मल्हार कोळी, कातकरी घरांतली मुलं असतात, किनाऱ्यावरची मांगेला, भंडारी, वाडवळ मुलं असतात, एमआयडीसीत आलेल्या कामगारांची हिंदी बोलणारी मुलं असतात. आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात आवाज येतो, "एस.टी.ची मुलं उभी राहा." किंवा "स्कॉलरशिपवाले हात वर करा." शिक्षकाच्या मनात वाईट काही नसतं, वरून फॉर्म आजच मागितलेले असतात. पण हे हरदोईच्या त्या वाचनासारखंच आहे: मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि मुलाने फक्त मान्य करायचं. त्यानंतर पाच मिनिटांनी घटक चाचणीचा पेपर वाटला तर? यादी शिक्षकांच्या हातात असतेच. नावं एकेक करून ऑफिसात बोलावता येतात, किंवा चाचणी झाल्यावर. याला सरकारी आदेश लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीची जाण फार जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. 'ही पोरं शाळेत टिकत नाहीत' हा शिक्का तेव्हाही होताच. मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळा वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी बाई कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. त्यांनी आकडे मांडून प्रयोग केला नव्हता आणि धाकबिक असले शब्दही वापरले नव्हते. त्यांचं काम म्हणजे या सिद्धांताचा पुरावा असं आम्ही म्हणणार नाही. पण अंगणात मूल परकं नसतं, परकी असते ती बाई. कोण कुणाला जोखतंय हेच तिथे उलटं होतं.

राहता राहिला अविश्वासाचा भाग, म्हणजे माप देणाऱ्याचा प्रश्न. बोर्डाच्या लेखी उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो आणि बैठक क्रमांक स्टिकरखाली झाकलेला असतो. तपासणाऱ्याला मुलाचं नाव कळत नाही, गाव कळत नाही. ही व्यवस्था हरदोईच्या चिठ्ठीच्या जवळ जाते, फरक इतकाच की इथे मेहनतीचं माप मिळतं. पण ही गोष्ट मुलांना कुणी सांगतं का? आम्ही या भागातल्या विद्यार्थ्यांशी बोलतो तेव्हा बऱ्याच जणांना वाटत असतं की तपासणाऱ्याला नावावरून सगळं समजतं. स्टिकर कशासाठी आहे हे परीक्षेआधी पाच मिनिटं समजावून सांगितलं तर त्यांचा अविश्वास निदान तिथे तरी सैल होईल.

आणि जिथे बारकोड नाही तिथे काय? बारावी सायन्सला भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांचं प्रात्यक्षिक प्रत्येकी ३० मार्कांचं असतं. भाषांना तोंडी परीक्षा असते. तिथे परीक्षक समोर बसलेला असतो, त्याच्या हातात नावांची यादी असते, आणि तो पहिला प्रश्न विचारतो, "आडनाव काय तुझं?"